विषय : वाघ असणेबाबत

माझ्या आयुष्यातली वीस वर्षे 'विषय' आणि 'बाबत' या दोन शब्दांच्या मधल्या जागेत गेली आहेत. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला दुसरे आयुष्य नसते. सकाळी टेबलावर अर्जांचा गठ्ठा येतो. प्रत्येक अर्जावर डाव्या अंगाला 'प्रति' असते, तिच्याखाली 'मा. शाखा व्यवस्थापक साहेब' असतात आणि त्यांच्याखाली तो अटळ 'विषय'. विषय : पासबुक मिळणेबाबत. विषय : सही जुळत नसलेबाबत. चंद्रपूरला बदली होण्याआधी मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. तिथे एकदा 'विषय : विषयांकित बाबीबाबत' असा अर्ज आला होता. तो लिहिणाऱ्याचे पाय धरावेत असे मला वाटले होते, पण तो अंगठा उठवून निघून गेला होता.

तेव्हा विषय लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती २०२५ सालच्या जानेवारीत माझ्या भाच्याने आणि लिऑं नावाच्या गावातल्या एका फ्रेंच जोडप्याने मिळून धुळीला मिळवली.

भाच्याने मोहर्लीजवळ चार खोल्यांचे एक घर पाहुण्यांसाठी बांधले आहे. मोहर्ली म्हणजे ताडोबाच्या जंगलाचे आमच्या बाजूचे फाटक, चंद्रपूरहून तीसेक किलोमीटर. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. आम्ही चंद्रपूरकर त्याच्या इतके जवळ राहतो की आमच्यापैकी निम्म्यांनी वाघ पाहिलेला नाही. पाहुणे मात्र सातासमुद्रापलीकडून येतात, भाच्याकडे उतरतात, पहाटे स्वेटर घालून उघड्या जिप्सीत बसतात आणि माझ्या बहिणीच्या हातचे झुणका-भाकर खाऊन धन्य होतात.

एका रविवारी भाचा सकाळीच घरी आला. तोंड उतरलेले.

"मामाजी, लय मोठा घोळ झाला जी."

"काय झालं? वाघ पळाला?"

"वाघ कायले पळते? मीच पळायचो राहिलो. त्या फ्रान्सवाल्याइची सफारी अकरा फेब्रुवारीची धरली न मी. काल कॅलेंडर पाह्यलं त मंगळवार निघाला."

ज्यांना ताडोबा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताडोबाच्या आतल्या भागात, म्हणजे ज्याला कोअर म्हणतात तिथे, मंगळवारी सफारी नसते. मंगळवार हा वाघांचा रविवार. म्हणजे ते जोडपे दहा तारखेला विमानाने नागपूरला उतरणार, तीन तास गाडीत बसून मोहर्लीला येणार, अकराच्या पहाटे थंडीत कुडकुडत फाटकाशी उभे राहणार आणि फाटकाचे कुलूप पाहून परत येणार. बाराची सफारी धरता येत होती, पण त्याला त्यांचा होकार हवा. शिवाय सफारीच्या परवान्यासाठी दोघांची नावे आणि पासपोर्टचे क्रमांक हवेत. ज्या ओळखपत्रावर परवाना काढायचा तेच मूळ ओळखपत्र फाटकावर दाखवावे लागते. त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला की फाटकावरचा माणूस तुमच्याकडे, मी बेअरर चेकमधल्या खाडाखोडीकडे पाहतो तसा पाहू लागतो.

"मग कळव त्यांना," मी म्हणालो.

"तीन मेल टाकले जी! एकाचंही उत्तर नाई. उघडूनच नसन पाहून राहिले."

मी त्याच्या फोनवर ते तीन ई-मेल पाहिले. पहिल्याचा विषय असा होता :

HELLO DEAR SIR/MADAM!!!

दुसऱ्याला विषयच नव्हता. तिसऱ्याचा विषय 'बुकिंग' एवढाच. पाठवणाऱ्याच्या जागी भाच्याचे नावही नव्हते. कॉलेजात असताना त्याने उघडलेल्या खात्यात वाघ आणि शून्यशून्यसात यांचे जे मिश्रण त्याने नाव म्हणून भरले होते तेच झळकत होते. असले पत्र मला आले असते तर मीसुद्धा उघडले नसते. हातही लावला नसता.

"तुला विषय लिहिता येत नाही," मी निदान केले. "ऊठ. पाटा-वरवंटा आहे तिथे मसाल्याला काय तोटा? मामा बँकेत आहे तुझा."

फ्रेंच भाषेशी माझा संबंध बी.कॉम.ला असताना आलेल्या 'लेसे फेअर' या दोन शब्दांपुरता. पण फ्रेंच ही बरीचशी इंग्रजीच असून ती नाकातून बोलायची असते असे मी ऐकून होतो. म्हटले, फ्रेंच माणसाला फ्रेंचमध्ये विषय लिहिला तर तो उघडेल. हा विचार पुढे बरोबर निघाला, एवढे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. घरी मुलीच्या शाळेतला एक जुना फ्रेंच शब्दकोश होता, त्यातून शब्द वेचून मी पहिला विषय तयार केला. आधी पाहुण्यांची जाहिरातीने खुशामत करावी आणि मग हळूच मंगळवार काढावा असा बेत होता. जाहिरात म्हणजे ॲडव्हर्टाइजमेंट. शब्दकोशात तसाच दिसणारा एक शब्द होता, तो उचलला.

Avertissement : tigres à Tadoba

पत्र गेले. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी मी मात्रा वाढवली.

URGENT URGENT : PASSPORT!!

तरी उत्तर नाही. तेव्हा मला आमच्या एका खातेदार बाईंची आठवण झाली. नागपूरच्या कॉलेजात तीस वर्षे फ्रेंच शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि आता हिवाळ्यात चंद्रपूरला भावाकडे असतात. दर नोव्हेंबरला आपण जिवंत आहोत असा दाखला द्यायला त्या बँकेत येतात आणि प्रत्येक वेळी 'मी आहे, हे माझ्याकडे पाहून कळत नाही का?' असे मला विचारतात. मी भाच्याला घेऊन त्यांच्याकडे गेलो.

बाईंनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि पहिल्या विषयाशीच थांबल्या.

"हे कुणी लिहिलं?"

मी विनयाने मान झुकवली.

"आव्हेर्तिस्मां म्हणजे जाहिरात नव्हे. आव्हेर्तिस्मां म्हणजे धोक्याची सूचना. तुम्ही त्यांना कळवलं आहे, 'इशारा : ताडोबात वाघ आहेत.'"

भाचा म्हणाला, "पण खोटं नाई जी ते."

"आणि हा दुसरा?" बाई म्हणाल्या. "तुम्ही बँकेत आहात ना? अनोळखी माणसाकडून मोठ्या अक्षरांत 'तातडीचे, पासपोर्ट' असा निरोप आला तर काय करायचं म्हणून तुम्ही खातेदारांना सांगता?"

मी काही बोललो नाही. आमच्या शाखेच्या भिंतीवर तसली सूचना मीच चिकटवली आहे. तातडीने केवायसी करा, नाहीतर खाते बंद, असा निरोप आला तर उघडू नका, पुसून टाका, असे मी रोज दहा लोकांना समजावतो. आणि तोच निरोप मी स्वतः तयार करून लिऑंला रवाना केला होता. फ्रेंचमध्ये असल्या फसवणुकीला 'आमसोनाज' म्हणतात, बाईंनी सांगितले. आमसों म्हणजे मासे धरायचा गळ. "त्यांच्या ई-मेलला नको असलेल्या पत्रांचा एक कप्पा असतो, त्याला 'अँदेझिराब्ल' म्हणतात, म्हणजे अवांछनीय. तुमची पत्रं तिथे पडली असतील. सगळी अक्षरं मोठी, तीन-तीन उद्गारचिन्हं आणि नाव हे असलं. यंत्रालाही तुमचा संशय येतो आणि माणसालाही."

वीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी अवांछनीय म्हटले नव्हते. निदान लेखी नाही.

मी म्हणालो, "बाई, मग साध्या, सरळ भाषेत लिहितो. 'आपल्या सफारीबाबत.'" शब्दकोशातून मी तेही काढून ठेवले होते :

Au sujet de votre safari

बाई हसल्या. "हे शुद्ध आहे. पण हे तुमचं 'बाबत'च झालं. सफारीबाबत काय? झाली, रद्द झाली, पैसे वाढले, वाघाला बाळ झालं? उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडावं असं त्यात काही नाही. फ्रेंच पत्रात या ओळीला काय म्हणतात ठाऊक आहे? ओब्जे."

आणि इथे बाईंनी माझ्यासाठी एक खिडकी उघडली. फ्रेंच लोकांच्या कागदी पत्रातही आमच्यासारखीच विषयाची ओळ असते, तिच्या शेजारी 'आपला संदर्भ', 'आमचा संदर्भ' असतात आणि 'सोबत : प्रत १' असते तिथे ते पी. जे. अशी दोन अक्षरे घालतात. मला एकदम माहेरी आल्यासारखे झाले. जगात आणखी एक जमात आहे जी 'संदर्भ' लिहिल्याशिवाय जेवत नाही! पण फरक असा की त्यांनी त्या ओळीला विषय म्हटलेले नाही. विषयाला फ्रेंचमध्ये 'सुजे' असा वेगळा शब्द आहे. पत्रावर आणि ई-मेलवर मात्र असतो तो 'ओब्जे', आणि ओब्जे म्हणजे वस्तू, आणि उद्देशही. पत्र कशाबद्दल आहे हे त्या ओळीत सांगायचे नसते. पत्र कशासाठी आहे ते सांगायचे असते.

"म्हणून ती ओळ बहुतेक वेळा कामाच्या नावानं सुरू होते," बाई म्हणाल्या. "कॉन्फिर्मासिओं, म्हणजे पक्कं केल्याची खबर. आन्यूलासिओं, रद्द केल्याची. दमांद..."

"हं! डिमांड!" मी सरसावलो. हा माझा प्रांत. "डिमांड ड्राफ्ट, डिमांड नोटीस."

"नव्हे. दमांद म्हणजे विनंती. अगदी नम्र विनंती. तुमच्या डिमांड नोटिशीचा त्यात वासही नाही."

मी लगेच वहीत लिहून दाखवले :

Demande de passeports

"आता चुकलं कसं ते पहा," बाई म्हणाल्या. "दमांद द पासपोर म्हणजे नवा पासपोर्ट मिळावा म्हणून नगरपालिकेकडे करायचा अर्ज. त्यांना वाटेल, मोहर्लीच्या या गृहस्थाला फ्रान्सचा पासपोर्ट हवा आहे."

भाच्याने माझ्याकडे नव्या आशेने पाहिले.

मग बाईंनी स्वतः पेन हातात घेतले. आधी त्यांनी विचारले, "सांगायच्या गोष्टी किती?" दोन, मी म्हणालो. मंगळवारी फाटक बंद, तारीख बदलू का, ही एक. पासपोर्टचे क्रमांक पाठवा, ही दुसरी. "मग पत्रंही दोन. एका ओळीत दोन उद्देश कोंबले की वाचणारा सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि अवघड विसरतो. शिवाय पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही." हे मला पटले. आमच्याकडेही 'पासबुक व कर्ज मिळणेबाबत' असा अर्ज आला की त्याला पासबुक मिळते.

"आता ही ओळ त्यांच्या फोनवर किती दिसेल?" त्यांनी भाच्याला विचारले. फोन आडवा-उभा करून मोजले तर तीस ते चाळीस अक्षरे निघाली. पुढे तीन टिंबे. "म्हणजे पहिल्या तीसएक अक्षरांत काम उरकलं पाहिजे. त्यांच्या डोक्यात या क्षणी काय आहे? तुमचं नाव नाही, मोहर्ली नाही. अकरा तारखेची सफारी आहे. त्यांनी कॅलेंडरवर गोल केला असेल. तेव्हा ओळखीचं ते आधी, मग नवं काय ते, मग त्यांनी काय करायचं ते." आणि त्यांनी लिहिले :

Safari du 11 février : parc fermé le mardi, report au 12 ?

"अकरा फेब्रुवारीची सफारी : उद्यान मंगळवारी बंद, बारावर ढकलू का?" त्यांनी अर्थ सांगितला. मी बोटांनी मोजले. मधल्या मोकळ्या जागा धरून अठ्ठावन्न अक्षरे, आणि बेचाळिसाव्या अक्षरापाशी 'मार्दी', म्हणजे मंगळवार, पुरा होतो. फोनने एखादे अक्षर खाल्ले तरी उद्यान बंद आहे ही बातमी पोचते. शेवटी प्रश्नचिन्ह असल्यामुळे पत्र न उघडताच कळते की आपल्याला हो किंवा नाही म्हणायचे आहे.

पण माझे लक्ष 'report' या शब्दाकडे गेले होते. "बाई, बारा तारखेला रिपोर्ट करायचा असं वाटेल त्यांना."

"फ्रेंचमध्ये तो रपोर. पुढे नेणे, पुढे ढकलणे. तुमच्या खातेवहीतसुद्धा असतो तो. पानाच्या तळाशी बेरीज करून पुढच्या पानावर नेता ना?"

मंडळी, त्या क्षणी मी फ्रेंच भाषेच्या प्रेमात पडलो. जुन्या फ्रेंच हिशेबवहीत पानाच्या शेवटी 'पुढील पानावर' म्हणून आणि नव्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' म्हणून हाच शब्द असतो. वाघ मंगळवारच्या पानावर मावत नाही, म्हणून बुधवारच्या पानावर नेला. कॉमर्सच्या पदवीधराला याहून अधिक काय हवे?

मग माझ्या सुधारणा सुरू झाल्या. मी 'सफारी'चा एस मोठा होता तसे 'फेव्रिये', 'पार्क', 'मार्दी' या सगळ्यांची पहिली अक्षरे मोठी करून दिली, शोभा यावी म्हणून. बाईंनी ती परत लहान केली. इंग्रजीत मथळ्यातला प्रत्येक शब्द टोपी घालून बसतो. फ्रेंचमध्ये फक्त पहिला शब्द आणि विशेषनामे टोपी घालतात. महिने आणि वार तर कधीच नाही. प्रत्येक शब्दाला मोठे अक्षर दिसले की फ्रेंच माणूस ओळखतो की हे परदेशातून आलेले विकाऊ पत्र आहे. विसर्गासारखी दोन टिंबे आणि प्रश्नचिन्ह यांच्या आधी ते एक जागा मोकळी सोडतात. मी ती जागा चुकून राहिली असे समजून मिटवत होतो आणि बाई ती पुन्हा पाडत होत्या. बँकेत रकमेच्या आधी जागा सोडली तर कोणी त्यात एखादा आकडा घुसवील म्हणून वीस वर्षे मी जागा मिटवत आलो आहे. ही सवय जायची कशी?

'fermé' वरची ती तिरपी रेघही मला फालतू वाटली होती. "ती नसेल तर 'बंद आहे'चं 'बंद करतो' होतं," बाई म्हणाल्या. "फोनवर इ दाबून धरा, सगळ्या रेघा वर येतात." भाच्याने इ दाबून धरला आणि त्याच्या डोक्यावर खरोखरच टोप्यांचे दुकान उघडले.

एवढ्यात भाच्याला युक्ती सुचली. "मॅडम, याच्या अगोदर आर-ई टाकून देऊ का? त्याइले वाटन का त्याइच्याच पत्राचं उत्तर आहे. झटकन उघडतीन."

"उघडतील," बाई शांतपणे म्हणाल्या. "एकदा. मग आपण पत्र लिहिलंच नव्हतं हे त्यांच्या लक्षात येईल आणि तुमचं पुढचं एकही उघडणार नाहीत. दार उघडायला खोटी किल्ली लावली की घरातले लोक आधी कुलूप बदलतात."

भाचा गप्प झाला. पाठवणाऱ्याच्या जागीही त्याने वाघ आणि शून्यशून्यसात काढून आपले नाव आणि पुढे ताडोबा असे भरले. ओळ कितीही चांगली असली तरी तिच्या शेजारी पाठवणाऱ्याचे नाव असते आणि लोक आधी ते वाचतात. पत्राचा मजकूर इंग्रजीत, चार ओळींचा. फक्त ती एक ओळ फ्रेंच, कारण उघडायचे की नाही ते तिथेच ठरते.

पत्र केव्हा धाडायचे यावरही चर्चा झाली. हिवाळ्यात फ्रान्स आपल्या साडेचार तास मागे असते. दुपारी दीडला पाठवले की तिथे सकाळचे नऊ, माणूस कॉफी घेऊन पत्रे पाहत असतो. दीड वाजता भाच्याने बटण दाबले. बाईंनी पोहे केले. पोहे संपायच्या आत फोन वाजला.

उत्तराच्या वर आमचीच ओळ होती, आणि यावेळी 'आर-ई' खरी होती. आत तीन शब्द : बारा चालेल, आभार.

मग लगेच दुसरे पत्र. ही ओळ मी एकट्याने लिहिली आणि बाईंनी फक्त एक शब्द बदलला. मी 'पासपोर्टच्या प्रती' मागितल्या होत्या. बाई म्हणाल्या, प्रती कशाला? कामापुरते मागा. क्रमांक पुरे, पासपोर्ट ते बरोबर आणतीलच. जास्त मागितले की पुन्हा गळ दिसू लागतो.

Safari du 12 février : numéros de passeport avant le 20 janvier

"'आव्हां ल व्हँ', वीसच्या आत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वीस तारीखसुद्धा चालणार असेल तर 'ओ प्ल्यू तार ल व्हँ' म्हणतात, फार तर वीसला. तुम्हाला काय हवं?" भाच्याला एकोणिसाला हवे होते, म्हणून 'आव्हां' राहिले. आणि 'तातडीचे' हा शब्द कुठेच नाही. तारीख लिहिली की तातडी किती ते कळतेच. क्रमांक सतरा तारखेला आले.

ते जोडपे आले. बारा तारखेला पहाटे आत गेले आणि वाघीण पाहून आले. दुपारी मी मुद्दाम मोहर्लीला गेलो होतो. बाई दुभाष्या म्हणून बरोबर. त्या फ्रेंच गृहिणीने हसत हसत सांगितले की आमचे मागचे एकच पत्र त्यांनी उघडले होते, ते इशाऱ्याचे. वाघांचा इशारा वाचून तिच्या आईने त्यांना दोन दिवस जाऊ नका म्हणून धरून ठेवले होते. बाकीची पत्रे अवांछनीयांच्या कप्प्यात निघाली. पासपोर्टचे पत्र तर तिच्या नवऱ्याने इतरांना सावध करण्यासाठी कचेरीत दाखवले होते.

घरी परतताना गाडीत सगळे हसत होते, आणि मला मात्र मध्येच गडचिरोलीतला तो अर्ज आठवला. विषय : विनंती अर्ज. एवढेच. खाली बारीक अक्षरांत दोन पाने. एका आईने कोणाकडून तरी लिहून घेतला होता. माझ्या टेबलावर तसे विनंती अर्ज वीस-पंचवीस असायचे, त्यात तो चार दिवस राहिला. सोमवारी मी तो वाचला. मुलीच्या कॉलेजची फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे, माझी ठेव मोडून द्यावी. शुक्रवार जाऊन तीन दिवस झाले होते. बाई पुन्हा आल्या तेव्हा ठेव मोडायची गरज उरली नव्हती. त्यांनी सावकाराकडून पैसे आणून फी भरली होती. मला काही बोलल्या नाहीत. 'साहेब, तुमाले काम लय असते,' एवढेच म्हणाल्या. दोष त्या ओळीचा होता असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. पण ज्याला विषय लिहिता येत नाही त्यालाच उद्देश सगळ्यांत मोठा असतो, हे त्या दिवशी ताडोबाच्या रस्त्यावर मला कळले.

दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. काउंटरवर एक पाटी लावली : 'अर्जाच्या विषयात काय हवे आणि कोणत्या तारखेपर्यंत ते लिहावे. लिहिता येत नसल्यास सांगावे, लिहून देऊ.' आणि बाईंच्या शिकवणीप्रमाणे स्वतःचा रजेचा अर्ज केला. 'विषय : २४ फेब्रुवारीची एक दिवसाची रजा, मंजुरी २१ पर्यंत हवी.'

मॅनेजरसाहेबांनी तासाभरात बोलावले. मी मनातल्या मनात फ्रेंच भाषेला नमस्कार केला. साहेबांच्या हातात माझा अर्ज होता, त्यावर लाल शेरा.

"अहो, इतकी वर्षं नोकरी झाली तुमची," ते म्हणाले, "आणि विषयात 'बाबत' नाही?"

अर्ज मी दुरुस्त करून दिला. तो सत्तावीस तारखेला मंजूर झाला.

मात्र टेबलावरचे 'विनंती अर्ज' मी आता सकाळी सगळ्यांत आधी उघडतो.